गुणांकांचा तक्ता वाचताना: विश्लेषण प्रकरणाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणासाठी, म्हणजे ‘माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन’ या प्रकरणासाठी, आजपासून स्वतंत्र नोंदी ठेवत आहे. सामग्री स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषक भागातील ४७ प्रांतांची आहे आणि ती १८८८ च्या सुमाराची आहे. त्या काळात तेथील जन्मदर खाली येऊ लागला होता. हा संच ‘आर’ या संगणकप्रणालीसोबत `swiss` या नावाने मिळतो आणि सीएसव्ही करून एसपीएसएस या सांख्यिकी संगणकप्रणालीत सहज उघडतो. तो खुला असल्यामुळे या नोंदींतील प्रत्येक आकडा कोणालाही पडताळून पाहता येईल.

रिग्रेशन चालवण्यापूर्वी प्रत्येक चल कोणत्या एककात मोजला आहे हे लिहून ठेवले, कारण पुढे गुणांकाचे वाक्य करताना सगळी भिस्त याच माहितीवर असते. ज्याचे स्पष्टीकरण शोधायचे तो चल म्हणजे वैवाहिक जननदराचा प्रमाणित निर्देशांक. हटराइट पंथाच्या स्त्रियांचा अतिशय उच्च जननदर १०० धरला, तर त्या प्रांतातील विवाहित स्त्रियांचा जननदर त्याच्या किती टक्के भरतो, हे तो सांगतो. स्पष्टीकरण देणारे चल पाच आहेत: शेतीत काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण, लष्करी भरतीच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण, भरतीला आलेल्यांपैकी प्राथमिक शाळेपुढे शिकलेल्यांचे प्रमाण, कॅथलिकांचे प्रमाण आणि वर्षाच्या आत दगावणाऱ्या अर्भकांचे प्रमाण. हे सर्व चल ० ते १०० या मापावर आहेत, म्हणून गुणांकातील ‘एक एकक’ म्हणजे सगळीकडे एक टक्का-बिंदू.

वर्णनात्मक तक्त्यातील एक निरीक्षण पुढे उपयोगी पडेल. शिक्षणाचे प्रमाण १ पासून ५३ पर्यंत जाते, पण मध्यक केवळ ८ आहे. बहुतेक प्रांत तळाशी गर्दी करून आहेत आणि मोजके शहरी प्रांत फार वर आहेत.

१४ जानेवारी

मेनूतून टिचक्या मारण्याऐवजी सिंटॅक्स लिहून ठेवला. मेनूतून गेल्यास कॉन्फिडन्स इंटर्व्हल आपोआप येत नाहीत. `Statistics` या बटणाखाली `Confidence intervals` वर खूण करावी लागते. ती राहिली की तक्ता पूर्ण दिसतो, पण शेवटचे दोन स्तंभ त्यात नसतात. मग विद्यार्थी केवळ पी-मूल्यांवर प्रकरण लिहून मोकळे होतात. आमच्या विभागातील जुने प्रबंध चाळताना हे वारंवार दिसले.

```
REGRESSION
  /MISSING LISTWISE
  /STATISTICS COEFF OUTS CI(95) R ANOVA COLLIN TOL
  /DEPENDENT Fertility
  /METHOD=ENTER Agriculture Examination
    Education Catholic Infant.Mortality.
```

आउटपुटमध्ये सर्वांत आधी गुणांक पाहिले नाहीत. पहिल्यांदा `ANOVA` तक्त्यातील `df` हा स्तंभ पाहिला: रिग्रेशनसाठी ५, अवशेषांसाठी ४१, एकूण ४६. एकूण `df` नेहमी नोंदींच्या संख्येपेक्षा एकाने कमी असतो, म्हणून ४६ दिसले की ४७ च्या ४७ प्रांत विश्लेषणात आले हे कळते. `LISTWISE` या पद्धतीत एखाद्या प्रांताचा एक जरी आकडा गहाळ असला, तरी तो प्रांत पूर्णपणे वगळला जातो आणि एसपीएसएस त्याची वेगळी सूचना देत नाही. प्रश्नावलीच्या सामग्रीत तर प्रकरणात ‘३०० प्रतिसादक’ लिहिलेले आणि तक्त्यात `df` २३१ अशी विसंगती सहज घडते. तोंडी परीक्षेत परीक्षकाची नजर नेमकी तेथे जाते.

त्याच तक्त्यातील F चे मूल्य १९.७६ आहे आणि त्याचे `Sig.` ०.००१ पेक्षा पुष्कळ कमी आहे. याचा अर्थ मर्यादित आहे: पाचही गुणांक एकाच वेळी शून्य असते, तर एवढे मोठे F मिळणे जवळजवळ अशक्य होते. कोणता चल महत्त्वाचा, हे F सांगत नाही.

`Model Summary` मध्ये R Square ०.७०७ आणि समायोजित मूल्य ०.६७१ आहे. मला मात्र त्याच ओळीतील `Std. Error of the Estimate` अधिक बोलका वाटतो. त्याचे मूल्य ७.१६५ आहे आणि ते जननदर निर्देशांकाच्याच एककात असते. निर्देशांकाचे मूळ प्रमाण विचलन १२.४९ आहे. म्हणजे काहीही माहिती नसताना प्रांताचा अंदाज ढोबळमानाने साडेबारा बिंदूंनी चुकत होता, आणि पाच चल कळल्यावर तो सात बिंदूंनी चुकतो. हे वाक्य प्रकरणात घ्यायचे ठरवले, ‘७०.७ टक्के विचरण स्पष्ट होते’ हे वाक्य त्याच्याआधी येईल.

१७ जानेवारी

आज `Coefficients` तक्त्यातील फक्त एक ओळ पूर्ण वाचली. शिक्षणाची ओळ घेतली, कारण तिच्यात गुंतागुंत सर्वांत कमी आहे.

`B` च्या स्तंभात −०.८७१ आहे. त्याचे वाक्य असे होते: इतर चार चल सारखे असलेल्या दोन प्रांतांची तुलना केली, तर ज्या प्रांतात प्राथमिक शाळेपुढे शिकलेल्यांचे प्रमाण एका टक्का-बिंदूने जास्त आहे, तेथे जननदर निर्देशांक सरासरी ०.८७ ने कमी असण्याचा अंदाज हे प्रारूप देते. ‘इतर चल सारखे असलेल्या’ हा तुकडा वाक्यातून गाळता येत नाही. तो गाळला की ते वेगळ्याच, एकाच चलाच्या रिग्रेशनचे वाक्य होते. तसेच ‘शिक्षण वाढले की जननदर घटतो’ असे काळात घडणाऱ्या बदलाचे वाक्यही या सामग्रीतून निघत नाही, कारण येथे कोणत्याही प्रांताचे शिक्षण वाढताना कोणी पाहिलेले नाही. एकाच काळातील निरनिराळे प्रांत शेजारी ठेवलेले आहेत, एवढेच.

पुढचा स्तंभ `Std. Error`, म्हणजे प्रमाण त्रुटी, मूल्य ०.१८३. `t` म्हणजे या दोहोंचा भागाकार, −४.७५८. कॉन्फिडन्स इंटर्व्हलच्या, म्हणजे अंतरालाच्या, मर्यादा कशा येतात हे एकदा हाताने करून पाहणे फायद्याचे असते. ४१ `df` साठी ९५ टक्क्यांचे t-मूल्य सुमारे २.०२० आहे. ते ०.१८३ ने गुणले की ०.३७० येते, आणि −०.८७१ च्या दोन्ही बाजूंना तेवढे अंतर मोजले की −१.२४१ आणि −०.५०१ या मर्यादा मिळतात. शेवटच्या दोन स्तंभांत हेच आकडे आहेत.

या मर्यादांचे काटेकोर विधान पद्धतीविषयी असते: अशा रीतीने वारंवार नमुने घेऊन वारंवार अंतराल काढले, तर त्यांतील सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या गुणांकाला सामावून घेतील. ‘खरा गुणांक या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि ते वाक्य बऱ्याच प्रबंधांत असतेही, पण या पद्धतीच्या तर्कशास्त्रात ते बसत नाही, कारण येथे नमुन्यागणिक अंतराल बदलतो, खरा गुणांक स्थिर मानलेला असतो. प्रकरणात मी दोन्ही टाळून ‘ही सामग्री −१.२४ ते −०.५० या पल्ल्यातील गुणांकांशी सुसंगत आहे’ असे लिहिणार आहे. ते बरोबर आहे आणि वाचकाला लगेच कळते.

एका टक्का-बिंदूचा फरक फार लहान वाटतो, म्हणून दहा बिंदूंचे वाक्यही केले: शिक्षणात दहा बिंदूंचा फरक असेल तर निर्देशांकात ८.७ चा फरक, मर्यादा ५.० ते १२.४. दहा बिंदूंचा फरक या सामग्रीत खरोखर आढळतो, म्हणून हे रूपांतर चालते. मूळ सामग्रीत जेवढा फरक कधी दिसतच नाही, तेवढ्या फरकाचे वाक्य करू नये.

`Constant` ची ओळ याच कारणासाठी सोडून दिली. तिचे मूल्य ६६.९ आहे, म्हणजे पाचही चल शून्य असलेल्या प्रांताचा अंदाज. अर्भकमृत्यू शून्य असलेला प्रांत १८८८ मध्ये कोठून येणार? सामग्रीतील सर्वांत कमी मूल्य १०.८ आहे. ही ओळ तक्त्यात राहील, मजकुरात येणार नाही.

१९ जानेवारी

`Sig.` या स्तंभासाठी छोटी नोंद. शिक्षणाच्या ओळीत जुन्या आवृत्तीत `.000` छापले जाते. नव्या आवृत्त्यांत `<.001` येते. आमच्या प्रयोगशाळेत जुनी आवृत्ती आहे. पी-मूल्य शून्य कधीच नसते. तो तीन दशांश स्थळांपर्यंत दाखवण्याचा परिणाम असतो. आउटपुटमधील तक्त्यावर दोनदा टिचकी मारून तो उघडला आणि मग त्या चौकटीवर पुन्हा दोनदा टिचकी मारली की पूर्ण आकडा दिसतो: `2.43E-5`, म्हणजे ०.००००२४३. प्रबंधात `p = .000` लिहायचे नाही, `p < .001` लिहायचे.

शेतीच्या ओळीतील `Sig.` ०.०१९ आहे. त्याचे वाचन असे: शेतीचा खरा गुणांक शून्य असता आणि प्रारूपाची बाकी गृहीतके बरोबर असती, तर t चे मूल्य शून्यापासून निदान २.४४८ इतके दूर जाण्याची शक्यता १.९ टक्के असती. शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता १.९ टक्के आहे, असे ते म्हणत नाही. परिणाम किती मोठा आहे, हेही ते सांगत नाही. पी-मूल्य आणि ९५ टक्क्यांचा अंतराल ही एकाच गणिताची दोन रूपे आहेत: अंतरालात शून्य येत असेल तर पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त असते, येत नसेल तर कमी असते. शेतीचा अंतराल −०.३१४ ते −०.०३० आहे. शून्य बाहेर आहे, पण उंबरठ्यावरच आहे. ०.०१९ या आकड्यातून हे जाणवत नाही. दहा बिंदूंच्या भाषेत बोलायचे तर फरक ३.१ बिंदूंचा असू शकतो किंवा ०.३ बिंदूचाही असू शकतो. ‘सार्थक’ हा शब्द लिहिला की यातील दुसरी शक्यता वाचकाच्या नजरेआड होते.

२२ जानेवारी

शेतीच्या गुणांकाचे चिन्ह आज मार्गदर्शक मॅडमसमोर ठेवले. त्यांचा पहिलाच प्रश्न अपेक्षित होता: “शेतीप्रधान भागात जननदर जास्त असतो ना? मग गुणांक ऋण कसा आला?”

प्रश्न रास्त आहे. शेती आणि जननदर यांचा साधा सहसंबंध धन आहे, ०.३५३. केवळ शेती हा एकच चल घेऊन रिग्रेशन चालवले की `B` ०.१९४ येतो आणि पी-मूल्य ०.०१५. पाच चलांच्या प्रारूपात तोच −०.१७२ होतो आणि पी-मूल्य ०.०१९. दोन्हीकडे निकाल ‘सार्थक’, आणि दिशा मात्र उलट. कोणी फक्त `Sig.` चा स्तंभ पाहत गेला, तर त्याला दोन्ही तक्ते सारखेच वाटतील.

कारण शोधण्यासाठी चल एकेक करून आत घेतले. शेतीसोबत फक्त शिक्षण घेतले, तेव्हाच चिन्ह बदलले: शेतीचा गुणांक −०.०६६, प्रमाण त्रुटी ०.०८०, पी-मूल्य ०.४११. शिक्षणाचा गुणांक त्या प्रारूपात −०.९६३ आहे. शेती आणि शिक्षण यांचा सहसंबंध −०.६४० आहे, म्हणजे शेतीप्रधान प्रांत हे बहुतांशी कमी शिकलेले प्रांतही होते. शेती एकटी असताना तिच्या गुणांकात कमी शिक्षणाचा हिस्सा मिसळलेला होता. शिक्षण आत आल्यावर तो हिस्सा त्याच्या खात्यात गेला आणि शेतीच्या खात्यात जवळजवळ काहीच उरले नाही. पुढे कॅथलिकांचे प्रमाण आणि इतर चल आत आल्यावर तो स्पष्टपणे ऋण झाला.

मॅडमचे यावर म्हणणे असे पडले की या दोन गुणांकांपैकी कोणता ‘खरा’ हा प्रश्नच प्रकरणात येऊ देऊ नये. ०.१९४ हा गुणांक विचारतो की शेतीप्रधान प्रांत आणि इतर प्रांत यांच्यात, जसे आहेत तसे, काय फरक दिसतो. −०.१७२ हा विचारतो की शिक्षण, परीक्षा, धर्म आणि अर्भकमृत्यू सारखे असताना शेतीच्या प्रमाणातील फरकासोबत काय दिसते. दोन प्रश्न, दोन उत्तरे. मात्र दुसऱ्या प्रश्नातील ‘सारखे असताना’ ही कल्पना सामग्रीत कितपत आढळते, हे पाहावे लागते. ८० टक्के शेती आणि ३० टक्के प्राथमिक शाळेपुढे शिकलेले असा प्रांत येथे एकही नाही. त्या कोपऱ्यात प्रारूप सरळ रेषेच्या भरवशावर बोलते.

तक्त्यात म्हणून तीन स्तंभ द्यायचे ठरले: एकट्या शेतीचे प्रारूप, शेती आणि शिक्षण यांचे, आणि पाचही चलांचे. चिन्ह कोठे बदलते ते वाचकाला स्वतः दिसेल आणि मजकुरात त्याचे कारण एका परिच्छेदात येईल.

२६ जानेवारी

सुटी असल्याने ग्रंथालय बंद होते. घरीच परीक्षेच्या ओळीवर काम केले.

परीक्षेतील सर्वोच्च श्रेणीच्या प्रमाणाचा `B` −०.२५८, प्रमाण त्रुटी ०.२५४, पी-मूल्य ०.३१५, अंतराल −०.७७१ ते ०.२५५. प्रबंधांत अशा ओळीवर ठरावीक वाक्य असते: ‘परीक्षेतील यशाचा जननदरावर परिणाम होत नाही.’ या अंतरालातून ते वाक्य निघत नाही. −०.७७ हा गुणांक जवळजवळ शिक्षणाच्या गुणांकाएवढा मोठा आहे आणि ही सामग्री त्यालाही नाकारत नाही. ती शून्याला नाकारत नाही, तशीच लहान धन गुणांकालाही नाकारत नाही. प्रामाणिक वाक्य एवढेच होते की इतर चार चल आत असताना परीक्षेच्या स्वतंत्र वाट्याविषयी ही सामग्री निश्चित काही सांगू शकत नाही.

एक गोष्ट लक्ष वेधून घेणारी आहे. परीक्षेचा −०.२५८ हा गुणांक शेतीच्या −०.१७२ पेक्षा आकड्याने मोठा आहे, तरीही शेती ‘सार्थक’ आणि परीक्षा ‘असार्थक’ ठरते. फरक प्रमाण त्रुटीत आहे: शेतीची ०.०७०, परीक्षेची ०.२५४. यातील काही भाग मापाचा आहे, कारण शेतीचे प्रमाण विचलन २२.७ आहे तर परीक्षेचे जेमतेम ८, आणि ज्या चलात फैलाव कमी त्याच्या एका बिंदूचा परिणाम मोजणे अवघड. उरलेला भाग तक्त्याच्या उजव्या टोकाला `VIF` या स्तंभात दिसतो. इतर चलांशी निगडित असल्यामुळे गुणांकाचे विचरण किती पट फुगते, हे तो सांगतो. परीक्षेचे मूल्य ३.६७५ आहे, पाचांत सर्वाधिक. त्याचे वर्गमूळ १.९२. म्हणजे परीक्षा हा चल इतर चारांशी अजिबात निगडित नसता, तर तिची प्रमाण त्रुटी जवळजवळ निम्मी असती. शिक्षणाशी तिचा सहसंबंध ०.६९८ आहे आणि शेतीशी −०.६८७. `VIF` १० च्या खाली आहे, म्हणून बहुसहरेषीयतेचा प्रश्न नाही, असे लिहून पुढे जाण्याची प्रथा आहे. येथे ते १० च्या पुष्कळ खाली आहे आणि तरीही याच ओळीचे वाचन त्याने बदलले आहे. १० हा आकडा सोयीचा आहे, त्याच्यामागे सिद्धांत नाही.

परीक्षा एकटी घेतली, तर गुणांक −१.०११, अंतराल −१.३७० ते −०.६५२, पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी. म्हणजे चांगल्या श्रेणीचे प्रांत आणि कमी जननदर यांची सोबत ठळक आहे. प्रश्न फक्त शिक्षणापासून ती वेगळी करता येते का, एवढाच आहे.

२७ जानेवारी

परीक्षा हा चल वगळावा का, यावर मॅडमशी बोलणे झाले. वगळून प्रारूप चालवले, तर R Square ०.७०७ वरून ०.६९९ होतो आणि समायोजित मूल्य ०.६७१ वरच राहते. शिक्षणाचा गुणांक −०.८७१ वरून −०.९८० होतो आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.१८३ वरून ०.१४८ वर उतरते. तक्ता नीटनेटका होतो आणि प्रत्येक ओळ ‘सार्थक’ दिसते.

मॅडम म्हणाल्या, “तिसऱ्या प्रकरणात तुम्ही पाच चल का घेतले ते लिहिले आहे. चौथ्या प्रकरणात पी-मूल्य पाहून चार कराल, तर उरलेल्या चारांच्या पी-मूल्यांचा अर्थ काय राहील?” त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पी-मूल्याचे गणित असे धरून चालते की प्रारूप आधी ठरले आणि सामग्री नंतर पाहिली. सामग्रीकडे पाहूनच चल निवडले की छापलेले अंतराल असावेत त्यापेक्षा अरुंद येतात आणि एसपीएसएसला ही निवड कळण्याचा मार्ग नसतो. `STEPWISE` पद्धतीने मिळालेल्या तक्त्यांची हीच अडचण आहे.

म्हणून पाच चलांचे प्रारूप मुख्य राहील. चार चलांचे प्रारूप परिशिष्टात जाईल आणि मजकुरात एक वाक्य येईल की परीक्षा वगळल्याने उरलेल्या गुणांकांची दिशा बदलत नाही.

३० जानेवारी

`Beta` च्या स्तंभाविषयी थोडक्यात. शिक्षण −०.६७०, कॅथलिक ०.३४८, शेती −०.३१३, अर्भकमृत्यू ०.२५१, परीक्षा −०.१६५. हे गुणांक प्रमाण विचलनाच्या एककात असतात, म्हणून त्यांची क्रमवारी लावण्याचा मोह होतो. शिक्षण सर्वांत वर आहे एवढे म्हणता येईल. कॅथलिक आणि शेती यांच्यातील ०.३४८ आणि ०.३१३ हा फरक मात्र क्रम लावण्याजोगा नाही. शिवाय छापलेले अंतराल `B` चे असतात, `Beta` चे नसतात, हे स्तंभाच्या शीर्षकातच लिहिलेले असते. −०.६७० समोर −१.२४१ ते −०.५०१ असे लिहिलेले तक्ते मी पाहिले आहेत.

अवशेषांचे आलेखही आज काढले. लिव्हरेज, म्हणजे स्पष्टीकरण देणाऱ्या चलांच्या मूल्यांत इतरांपासून असलेले अंतर, जिनिव्हा शहराचे सर्वाधिक आहे, आणि ते साहजिक आहे: शिक्षण ५३, शेती १.२, दोन्ही बाबतींत टोकाचा प्रांत. त्याचा निर्देशांक ३५ आहे आणि प्रारूपाचा त्याच्यासाठीचा अंदाज ३४.८ येतो, म्हणजे अवशेष जवळजवळ शून्य. हे दिलासादायक वाटते, पण त्यावर लगेच समाधान मानू नये. एवढ्या दूरचा बिंदू रेषेला स्वतःकडे ओढू शकतो आणि मग त्याचा अवशेष लहान दिसणारच. तो प्रांत वगळून शिक्षणाचा गुणांक किती हलतो, हे सिंटॅक्समध्ये वेगळे चालवून परिशिष्टात देणार आहे.

२ फेब्रुवारी

मजकूर लिहिण्यापूर्वी एक जुना आक्षेप निकालात काढणे भाग होते: हे ४७ प्रांत नमुना आहेत का? ते यादृच्छिक रीतीने निवडलेले नाहीत. त्या भागातील प्रांतांची ती संपूर्ण यादी आहे. मग अंतराल आणि पी-मूल्ये कशाविषयी बोलतात? त्यांना अर्थ द्यायचा असेल, तर हे ४७ आकडे एखाद्या प्रक्रियेतून आलेले आहेत आणि तीच प्रक्रिया थोडे वेगळे आकडेही देऊ शकली असती, असे मानावे लागते. मॅडमच्या सल्ल्याने हे गृहीतक प्रकरणाच्या सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितले आहे.

दुसरी मर्यादा एककाची आहे. कॅथलिकांचा गुणांक ०.१०४ आहे, अंतराल ०.०३३ ते ०.१७५, पी-मूल्य ०.००५. त्यातून ‘कॅथलिक कुटुंबांना अधिक मुले होती’ हे वाक्य निघत नाही, कारण सामग्रीत कुटुंबे नाहीतच. कॅथलिकबहुल प्रांतांतील प्रोटेस्टंट कुटुंबांतही जननदर जास्त असू शकतो. तसेच अर्भकमृत्यूचा १.०७७ हा गुणांक, अंतराल ०.३०६ ते १.८४८, दोन्ही दिशांनी वाचता येतो: दगावलेल्या मुलांमुळे अधिक जन्म, किंवा लागोपाठच्या बाळंतपणांमुळे अधिक मृत्यू. प्रारूप या दोहोंत निवड करू शकत नाही.

४ फेब्रुवारी

मुख्य परिच्छेद मॅडमकडे पाठवला. त्याचा मसुदा येथे उतरवून ठेवतो:

“पाच चलांचे प्रारूप ४७ प्रांतांवर बसवले असता जननदर निर्देशांकाच्या विचरणाचा ७०.७ टक्के भाग स्पष्ट होतो, आणि अंदाजाची प्रमाण त्रुटी ७.१७ निर्देशांक-बिंदू इतकी आहे. इतर चल सारखे असता, प्राथमिकोत्तर शिक्षणाचे प्रमाण दहा टक्का-बिंदूंनी जास्त असलेल्या प्रांतात निर्देशांक सरासरी ८.७ बिंदूंनी कमी आढळतो; ९५ टक्के अंतराल ५.० ते १२.४, p < ०.००१. शेतीच्या प्रमाणातील तेवढ्याच फरकासोबत निर्देशांक १.७ बिंदूंनी कमी आढळतो, अंतराल ०.३ ते ३.१, p = ०.०१९. एकट्या शेतीच्या प्रारूपात हाच संबंध धन आहे, आणि शिक्षण प्रारूपात घेतल्यावर त्याचे चिन्ह बदलते. परीक्षेतील श्रेणीचा स्वतंत्र वाटा या सामग्रीतून निश्चित करता येत नाही. दहा बिंदूंच्या फरकासाठी अंतराल ७.७ बिंदूंच्या घटीपासून २.५ बिंदूंच्या वाढीपर्यंत पसरलेला आहे, p = ०.३१५.”

उत्तरात मॅडमनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. तक्त्यात `B` आणि त्याच्या मर्यादांना तीन दशांश स्थळे ठेवावीत, मजकुरात एक पुरे. आणि तक्त्याखालील टीपेत नोंदींची संख्या ४७ अशी स्पष्ट लिहावी. दोन्ही केल्या. जिनिव्हा वगळून चालवलेले आउटपुट परिशिष्टात जोडायचे राहिले आहे, ते उद्या.